आजोबांच्या हातातला रिमोट

स्मार्ट टीव्ही म्हणजे मोठा पडदा जोडलेला छोटा संगणक. त्यात प्रोसेसर असतो, साठवणुकीची जागा असते, अँड्रॉइडसारखी एखादी प्रणाली असते आणि मोबाइलप्रमाणेच त्यावर ॲप घेता येतात. बाहेरून मात्र तो जुन्या टीव्हीसारखाच दिसतो. भिंतीवर पडदा, हातात रिमोट. आयुष्यभर टीव्ही पाहिलेल्या माणसाची अडचण नेमकी इथे होते. वस्तू ओळखीची वाटते, पण तिची वागण्याची रीत पार बदललेली असते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा कार्यक्रम केंद्रातून सुटायचा आणि घरातला संच तो फक्त पकडायचा. पुढे केबल आली, मग सेट टॉप बॉक्स आला, एका वाहिनीच्या शेकडो वाहिन्या झाल्या. तरी मूळ गोष्ट तीच राहिली. टीव्ही लावला की काहीतरी चालू असायचेच, आणि ठरावीक आकडा दाबला की ठरावीक वाहिनी यायची. हे आकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतात. स्मार्ट टीव्ही लावला की असे आपोआप काही सुरू होईलच असे नाही. बहुतेक संचांवर आधी चित्रांच्या चौकटींनी भरलेले एक पान येते आणि पाहणाऱ्याने काय हवे ते निवडण्याची वाट पाहत थांबते. शिवाय एकच बटण एका पानावर एक काम करते आणि दुसऱ्या पानावर वेगळेच. म्हणून बटणांची नावे पाठ करून हा टीव्ही येत नाही. ‘आपण आत्ता कुठे आहोत’ हे पडद्यावरून ओळखता आले, तरच तो येतो.

कराडमधल्या एका घरातली गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले बहात्तर वर्षांचे आजोबा, आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेली पाचवीतली नात. मुलाने त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही आणला, भिंतीवर बसवून घेतला आणि भाऊबीज उरकून तो कामावर परत गेला. शिकवण्याचे काम नातीकडे आले. आजोबांच्या गरजा तीनच होत्या. सकाळी अभंग, संध्याकाळी बातम्या आणि रविवारी दुपारी एखादा जुना मराठी चित्रपट.

पहिल्या दिवशी नातीने सगळे करून दाखवले. तिचा अंगठा रिमोटवर सरसर फिरला, पान उघडले, पान मिटले, भीमसेन जोशींचा अभंग सुरू झाला. आजोबांना शेवट दिसला, वाट दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रिमोट हातात घेतला तेव्हा काळ्या पडद्यावर No Signal अशी अक्षरे फिरत होती. टीव्ही बिघडला असे समजून त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले आणि ते पेपर वाचत बसले. बहुतेक घरांत शिकवणी पहिल्यांदा अशीच फसते. लहान मुले हे यंत्र हाताच्या सवयीने चालवतात. आपण मधल्या चार पायऱ्या गाळल्या हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

नंतर शिकवणी नीट सुरू झाली, ती एका नियमापासून. रिमोट आजोबांच्याच हातात राहील, नात फक्त बोलेल. हा नियम फार मोलाचा आहे, कारण हाताचे काम पाहून येत नाही, हाताने करूनच येते. आजोबांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. आगारात आलेल्या नव्या पोरांना त्यांनी अशाच पद्धतीने पाना धरायला शिकवले होते.

सर्वांत आधी समजावून घ्यायची गोष्ट म्हणजे ‘निवडलेली चौकट’. संगणकावर माउसचा बाण असतो, मोबाइलवर बोट असते. टीव्हीवर दोन्ही नसतात. त्याऐवजी पडद्यावरच्या अनेक चौकटींपैकी एक चौकट थोडी मोठी झालेली असते, किंवा तिच्याभोवती उजळ कड दिसते. आपण त्या क्षणी तिथे उभे आहोत, असा त्याचा अर्थ. रिमोटवरची चार दिशांची बटणे आपल्याला एका वेळी एकच घर पुढे नेतात आणि मधले ओके बटण त्या घराचे दार उघडते. चष्म्याच्या नंबरमुळे किंवा मोतीबिंदूमुळे ही कड स्पष्ट दिसली नाही, तर माणूस अंदाजाने बटणे दाबतो आणि भलतेच काही उघडते. नातीने म्हणूनच आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. “आजोबा, कुठली चौकट मोठी दिसते?” उत्तर बरोबर आले की मगच पुढचे बटण.

या पायरीवर दोन गोष्टी हमखास चुकतात आणि दोन्हींची कारणे यंत्रात आहेत. पहिली म्हणजे जास्त वेळ दाबणे. आजोबांचा हात नट घट्ट आवळण्याच्या सवयीचा. बटण बसल्याचे जाणवेपर्यंत ते दाबून ठेवत. बऱ्याच अँड्रॉइड संचांवर ॲपच्या चौकटीवर ओके दाबून धरले तर ॲप उघडत नाही. त्याऐवजी चौकट हलवायची आहे की काढून टाकायची आहे, असे विचारणारी यादी येते. आजोबांना ती यादी वारंवार दिसू लागली आणि ॲप काही उघडेना. दाबून लगेच सोडायचे, एवढे कळल्यावर ती यादी येणे थांबले.

दुसरी चूक घाईची. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या संचांतला प्रोसेसर फोनपेक्षा बराच संथ असतो. बटण दाबल्यावर पडदा हलायला कधी कधी एक-दोन सेकंद लागतात. काहीच झाले नाही असे वाटून माणूस पुन्हा दाबतो. टीव्हीने मात्र पहिला दाबही ऐकलेला असतो आणि दुसराही. मग तो एकदम दोन घरे पुढे जातो, किंवा नको ते उघडतो. हा अनुभव वडीलधाऱ्यांना फार खच्ची करतो, कारण यंत्र आपले ऐकत नाही असे त्यांना वाटते. नातीने उपाय साधा काढला. एकदा दाबायचे, मनात ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचे आणि मग पडद्याकडे पाहायचे. टीव्ही नुकताच सुरू झालेला असताना हा संथपणा सर्वांत जास्त असतो. आजोबांना काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करण्याची जुनी शिस्त होती. अशा वेळी टीव्हीला दर वेळी नव्याने सुरू व्हावे लागते आणि पहिले पान येईपर्यंत बराच वेळ जातो. रिमोटने बंद केला तर तो अर्धवट जागा राहतो आणि चटकन उघडतो. विजांचा कडकडाट असेल किंवा बाहेरगावी जायचे असेल, तर मात्र प्लग काढून ठेवणेच बरे.

यानंतर बटणांतली दोनच महत्त्वाची ठरतात. घराचे चित्र असलेले होम आणि मागे वळलेल्या बाणाचे बॅक. बॅक एक पायरी मागे नेते. होम कुठूनही सरळ पहिल्या पानावर आणते. रिमोटवर खाली वेगवेगळ्या ओटीटी कंपन्यांची रंगीत बटणे असतात. ती चुकून दाबली गेली की वर्गणी भरा, लॉगिन करा असे सांगणारा पडदा येतो आणि आजोबा घाबरून रिमोट खाली ठेवतात. त्या पडद्याने काहीही बिघडत नाही आणि नुसते बटण दाबल्याने पैसेही जात नाहीत. होम दाबले की विषय संपतो. होमची खात्री पटल्यावर आजोबांची भीती निम्मी झाली. वाट चुकली तरी परत येता येते हे कळल्यावर माणूस स्वतःहून इकडे तिकडे हिंडू लागतो, आणि तिथून पुढे शिकणे आपोआप वेग घेते.

पहिल्या पानाची रचना मात्र वडीलधाऱ्यांच्या सोयीची नसते. वरचा मोठा भाग नव्या मालिका-चित्रपटांच्या जाहिरातींना दिलेला असतो, त्याखाली शिफारशींच्या ओळी येतात, आणि रोज लागणारी ॲप त्यांच्या गर्दीत लहान आकारात असतात. हा दोष शिकणाऱ्याचा नाही, मांडणी करणाऱ्यांचा आहे. सुदैवाने बऱ्याच संचांवर ॲपच्या चौकटी पुढेमागे करता येतात. त्यासाठी तीच दाबून धरल्यावर येणारी यादी वापरायची, जी आधी आजोबांना छळत होती. नातीने त्यांच्या कामाच्या चौकटी ओळीच्या सुरुवातीला आणल्या. आता होम दाबायचे, ॲपच्या ओळीवर यायचे, आणि जे हवे ते तिथेच.

राहिला प्रश्न No Signal चा. टीव्हीच्या मागे तारा जोडण्यासाठी अनेक खाचा असतात आणि त्यांना HDMI 1, HDMI 2 अशी नावे असतात. सेट टॉप बॉक्सची तार यांपैकी एकीत जाते. टीव्ही एका वेळी एकाच खाचेकडे पाहतो. त्या खाचेत काही जोडलेले नसेल, किंवा जोडलेला बॉक्स बंद असेल, तर टीव्ही No Signal लिहितो. म्हणजे टीव्ही ठणठणीत असतो, त्याला चित्र पुरवणाराच झोपलेला असतो. आजोबांच्या बाबतीत हेच झाले होते. त्यांनी टीव्हीच्या रिमोटने टीव्ही लावला, पण बॉक्स त्याच्या स्वतःच्या रिमोटने लावावा लागतो हे नव्या गडबडीत राहून गेले. ओळखायची खूण बॉक्सवरचा दिवा. बऱ्याच बॉक्सवर बंद असताना तो लाल असतो आणि चालू झाल्यावर त्याचा रंग बदलतो. दिव्यावरून बॉक्स चालू आहे असे कळले आणि तरीही चित्र नाही, तर टीव्हीच्या रिमोटवरचे Source किंवा Input लिहिलेले बटण दाबायचे आणि यादीतून बॉक्सची तार ज्या खाचेत आहे ती निवडायची. नातीने मागे वाकून तार कुठे गेली आहे ते पाहिले आणि आजोबांनी पेनाने एका चिठ्ठीवर ‘डिश – HDMI 1’ असे लिहून ती टीव्हीच्या कडेला चिकटवली. दोन रिमोटची सरमिसळ टाळायला बॉक्सच्या रिमोटला रबरबँड गुंडाळले. बातम्यांसाठी रबरवाला, अभंगांसाठी साधा.

जुना चित्रपट शोधणे ही सर्वांत अवघड पायरी. यूट्यूबच्या शोधपानावर अक्षरे मांडलेली असतात आणि एकेक अक्षरापर्यंत बाणांनी चालत जावे लागते. ‘सांगत्ये ऐका’ हा अनंत माने यांचा १९५९ चा चित्रपट शोधायचा, तर रोमन अक्षरांत त्याचे स्पेलिंग काय, इथूनच तयारी. आजोबांनी पाचव्या अक्षरापर्यंत चिकाटी ठेवली आणि मग चुकून बॅक दाबून सगळे पुसले. अशा वेळी माइकचे बटण उपयोगी पडते. ते दाबून बोलले की शब्द आधी पडद्यावर उमटतात आणि मग त्यांचा शोध होतो. काही रिमोटवर बोलून होईपर्यंत बटण दाबून ठेवावे लागते, काहींवर एकदा दाबून सोडायचे असते. आजोबा दाबत, घसा खाकरत आणि मग बोलत. तोवर ऐकण्याची वेळ संपलेली असे. आधी काय बोलायचे ते ठरवायचे, मग दाबायचे आणि लगेच बोलायचे, हा क्रम ठरल्यावर जमू लागले. संचाची भाषा इंग्रजी किंवा हिंदी असेल तर मराठी शब्द वेडेवाकडे लिहिले जातात. पडद्यावर काय उमटले ते वाचायची सवय लावली की चूक टीव्हीच्या ऐकण्यात आहे, आपल्या बोलण्यात नाही, हे समजते. चित्रपटाच्या नावापुढे वर्ष किंवा नटाचे नाव जोडले की नेमका चित्रपट वर येण्याची शक्यता वाढते.

चित्रपट लागला आणि आजोबांनी आवाज चाळीसवर नेला. स्वयंपाकघरातून आजी ओरडल्या, तरी आजोबांचे म्हणणे एकच, “गाणी ऐकू येतात, बोलणं कळत नाही.” ही तक्रार अगदी खरी असते. सपाट टीव्हीत जागा नसल्याने स्पीकर लहान असतात आणि त्यांचे तोंड बहुधा खाली किंवा मागे, भिंतीकडे असते. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात, आणि स, श, त, क अशा व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत असते. स्वर ऐकू येतो, व्यंजन निसटते, म्हणून वाक्याचा गलका होतो. आवाज वाढवून सगळेच वाढते, बोलणे स्पष्ट होत नाही. सेटिंगमध्ये साउंडखाली बोलण्यासाठीचा किंवा बातम्यांसाठीचा पर्याय असतो. तो जड, घुमणारे आवाज दाबतो आणि बोलणे पुढे आणतो. नातीने तो लावून दिल्यावर आवाज पंचवीसवर येऊन थांबला. एवढे करूनही बोलणे कळत नसेल, तर कानाची तपासणी करून घ्यावी. दोष दर वेळी टीव्हीचाच असतो असे नाही.

त्याच दुपारी चित्रपट मध्यात थांबला आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागले. या घरात वायफाय नव्हते. नातीने आजोबांच्या फोनचे हॉटस्पॉट टीव्हीला जोडले होते, आणि फोनचे रिचार्ज होते दिवसाला दीड जीबीचे. मोठ्या पडद्यावर एचडी दर्जाचे चित्र तासाला साधारण दीड ते तीन जीबी डेटा खाते. म्हणजे दिवसभराचा डेटा चित्रपटाच्या पहिल्या तासातच संपतो. त्यानंतर नेट पूर्ण बंद पडत नाही, वेग इतका घसरतो की चित्र पुढे सरकत नाही. बिघाड टीव्हीचा की नेटचा, हे ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. सेट टॉप बॉक्सवरची वाहिनी लावून पाहायची. ती नीट चालत असेल तर टीव्ही चांगला आहे, नेट संपले आहे किंवा मंदावले आहे. उपाय दोन. यूट्यूबमध्ये व्हिडिओ चालू असताना गिअरच्या चिन्हातून चित्राचा दर्जा 480p वर आणता येतो. त्यात डेटा निम्म्याहूनही कमी लागतो आणि जुन्या चित्रपटाला तो दर्जा पुरतो, कारण मूळ प्रतच तेवढी स्वच्छ नसते. रोज दोन-तीन तास पाहायचे असेल, तर मात्र घरात ब्रॉडबँड घेणेच शहाणपणाचे. हॉटस्पॉटची आणखी एक अडचण आहे. फोन घेऊन आजोबा भाजी आणायला गेले की टीव्हीचे नेटही त्यांच्याबरोबर बाजारात जाते.

अभंगांच्या यादीत दोन-तीन दिवसांनी कार्टून दिसू लागली आणि नातीच्या यादीत काकडआरती. दोघे एकाच खात्यातून पाहत होते, आणि यूट्यूब पाहिलेल्या गोष्टींवरूनच पुढच्या गोष्टी सुचवते. आजोबांचे खाते वेगळे जोडल्यावर हा घोळ मिटला. खाते जोडताना पडद्यावर एक कोड येतो आणि तो फोनवर youtube.com/activate या पत्त्यावर टाकायला सांगितले जाते. या जागी फसवणूक होऊ शकते, म्हणून थोडे थांबायला हवे. हा पत्ता फोनच्या वरच्या पट्टीत जसाच्या तसा टाइप करायचा. ‘टीव्ही चालू करण्याचा कोड’ असे शोधल्यावर भलतीच पाने समोर येऊ शकतात आणि त्यांवर दिलेल्या मदत क्रमांकावर फोन केला तर पलीकडचा माणूस टीव्ही सुरू करण्याचे पैसे मागतो, किंवा फोनवर एखादे ॲप घ्यायला लावून सगळा फोन पाहू लागतो. यूट्यूबचे खाते टीव्हीला जोडायला एक रुपयाही लागत नाही. या कामात यूपीआय पिन किंवा बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. कुणी तो मागितला की फोन ठेवून द्यायचा. नातीने हे आजोबांकडून दोनदा म्हणवून घेतले.

सुट्टी संपून नात पुण्याला गेली. खरी परीक्षा त्यानंतरची, कारण आता मदत फोनवरूनच मिळणार. ‘टीव्ही लागत नाही’ एवढ्यावरून दूरच्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणून दोघांनी बोलण्याचा क्रम ठरवला होता. आधी पडद्यावर कोणती अक्षरे आहेत ते वाचायचे, मग कोणती चौकट मोठी आहे ते सांगायचे, मग शेवटी कोणते बटण दाबले ते. पहिल्याच आठवड्यात आजोबांचा फोन गेला. “अगं, पडदा काळा आहे, वर HDMI 2 लिहिलंय.” चिठ्ठीवर HDMI 1 होते. नातीला पुढे काही सांगावेच लागले नाही. वाचता वाचताच आजोबांच्या लक्षात आले आणि त्यांनी Source दाबून बातम्या लावल्या.

काही गोष्टी मात्र आजोबांच्या हातातल्या नाहीत. प्रणाली अद्ययावत झाली की पहिल्या पानाची मांडणी अचानक बदलते आणि पाठ झालेली वाट मोडते. एखाद्या ॲपचे लॉगिन आपोआप निघते आणि पासवर्ड मागते. सेटिंगमधला फॅक्टरी रीसेट हा पर्याय निवडला तर खाती, वायफाय आणि ॲपची मांडणी सगळे पुसले जाते. रिमोटच्या बटणांनी होऊ शकणारे मोठे नुकसान म्हणजे एवढेच, आणि तेही सहज होत नाही, कारण टीव्ही त्याआधी पुन्हा विचारतो. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड म्हणून वहीत लिहून ठेवलेला असावा, आणि ती वही कपाटात असावी, टीव्हीजवळ नाही. कराडच्या घरात नाताळच्या सुट्टीसाठी नातीच्या नावाने तीन कामे राहून गेली आहेत. अभंग संपल्यावर आपोआप दुसरेच सुरू होणारे व्हिडिओ बंद करणे, जुन्या चित्रपटांतले रुंद ताणलेले चेहरे मूळ मापात आणणे, आणि आजींसाठी हाच टीव्ही पहिल्यापासून शिकवणे. तिसरे काम आजोबा स्वतःच करणार म्हणतात.